मॅट्रिक्सचे डायगोनलायझेशन आणि मोठे घात: उत्तर बरोबर आहे हे कशावरून ओळखायचे?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तिची वही माझ्यापुढे ठेवली. एका 2×2 मॅट्रिक्सचा दहावा घात काढायचा होता. आयगेनव्हॅल्यू बरोबर होत्या, आयगेनव्हेक्टर बरोबर होते, व्यस्त मॅट्रिक्ससुद्धा अचूक होती आणि गुणाकारात एकही चूक नव्हती. पानाच्या तळाशी तिने पेन्सिलीने ट्रेस तपासला होता आणि तोही जुळत होता. तरीही उत्तर चुकले होते. ती चूक नेमकी कोठे होती आणि कोणत्या तपासणीने ती पकडता आली असती, हे समजले की डायगोनलायझेशनचा बराचसा भाग समजतो. म्हणून हा लेख त्याच उदाहरणापासून सुरू करतो.

मॅट्रिक्स अशी होती:

```
A = [ 4  -2 ]
    [ 1   1 ]
```

A¹⁰ काढण्यासाठी A ला A ने नऊ वेळा गुणता येते. थोडे शहाणपणाने वागले तर A², A⁴, A⁸ आणि मग A⁸·A² अशा चार गुणाकारांतही काम होते. त्यामुळे डायगोनलायझेशन केवळ श्रम वाचवते, असे म्हणणे पुरेसे नाही, कारण एकाच घातासाठी वर्ग करत जाण्याची रीत चांगलीच वेगवान आहे. डायगोनलायझेशनचा खरा लाभ असा की त्यातून Aⁿ चे n मधील एक सूत्र हाती येते. मग n दहा असो वा हजार, तेच सूत्र चालते आणि n वाढत गेल्यावर काय घडते हेही त्यात दिसते.

सगळे ज्यावर उभे आहे ते एक समीकरण

डायगोनल मॅट्रिक्सचा घात काढणे अगदी सोपे असते. मुख्य कर्णावर 2 आणि 3 असतील आणि बाकी शून्ये असतील, तर तिच्या n व्या घातात कर्णावर 2ⁿ आणि 3ⁿ येतात. आपली A तशी नाही. परंतु काही विशिष्ट व्हेक्टर असे असतात की त्यांच्यावर A ने क्रिया केली असता त्यांची रेषा बदलत नाही, ते फक्त एखाद्या संख्येच्या पटीत लहानमोठे होतात. असा शून्येतर व्हेक्टर v घेतला तर Av = λv. येथे v हा आयगेनव्हेक्टर आणि λ ही त्याची आयगेनव्हॅल्यू.

2×2 मॅट्रिक्ससाठी असे दोन व्हेक्टर v₁ आणि v₂ मिळाले, तर ते शेजारीशेजारी स्तंभ म्हणून मांडून P ही मॅट्रिक्स तयार करावी. A ने P ला गुणले की पहिला स्तंभ λ₁v₁ होतो आणि दुसरा λ₂v₂. हीच गोष्ट P ला उजवीकडून, कर्णावर λ₁ आणि λ₂ असलेल्या डायगोनल D ने गुणल्यासही मिळते, कारण उजवीकडून डायगोनल मॅट्रिक्सने गुणल्यावर प्रत्येक स्तंभ आपापल्या संख्येने गुणला जातो. म्हणजे

```
AP = PD
```

या समीकरणात व्यस्त मॅट्रिक्स कोठेही नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. v₁ आणि v₂ एकाच रेषेवर नसतील तरच P ची व्यस्त मॅट्रिक्स अस्तित्वात असते आणि तेव्हाच A = PDP⁻¹ असे लिहिता येते. मग A² = PDP⁻¹·PDP⁻¹ मध्ये मधले P⁻¹P एकक मॅट्रिक्स होऊन निघून जाते आणि PD²P⁻¹ उरते. हेच पुढे चालवले की Aⁿ = PDⁿP⁻¹.

पहिली पायरी: आयगेनव्हॅल्यू

A − λI चा निश्चयक शून्य ठेवायचा. 2×2 मॅट्रिक्सला हे समीकरण दरवेळी नव्याने मांडण्याची गरज नाही. कर्णावरील संख्यांची बेरीज म्हणजे ट्रेस आणि निश्चयक एवढे काढले की λ² − (ट्रेस)λ + (निश्चयक) = 0 हे समीकरण थेट लिहिता येते. येथे ट्रेस 4 + 1 = 5 आणि निश्चयक 4·1 − (−2)·1 = 6 आहे, म्हणून

```
λ² - 5λ + 6 = 0,   (λ - 2)(λ - 3) = 0
```

आणि आयगेनव्हॅल्यू 2 व 3. निश्चयक काढताना −2 चे चिन्ह हरवणे ही येथली नेहमीची चूक आहे. तसे झाले तर निश्चयक 2 येतो आणि मुळे वर्गमुळांत अडकतात. वर्गातल्या उदाहरणात अनपेक्षितपणे वर्गमूळ आले, तर पुढे जाण्यापूर्वी ही ओळ पुन्हा पाहावी.

दुसरी पायरी: आयगेनव्हेक्टर

λ = 2 साठी A − 2I लिहू:

```
A - 2I = [ 2  -2 ]
         [ 1  -1 ]
```

दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात: x = y. म्हणून v₁ = (1, 1) घेऊ. λ = 3 साठी

```
A - 3I = [ 1  -2 ]
         [ 1  -2 ]
```

म्हणजे x = 2y, म्हणून v₂ = (2, 1).

2×2 मध्ये A − λI च्या दोन ओळी एकमेकींच्या पटीत असल्याच पाहिजेत. त्या तशा नसतील तर फक्त शून्य व्हेक्टर हेच उत्तर येते, आणि याचा अर्थ आयगेनव्हॅल्यू चुकली आहे. शून्य व्हेक्टर हा आयगेनव्हेक्टर मानला जात नाही, तरीही उत्तरपत्रिकांत "v = (0, 0)" असे लिहून विद्यार्थी पुढे गेलेले दिसतात आणि मग P चा निश्चयक शून्य येऊन सगळे अडते.

आयगेनव्हेक्टरची कोणतीही शून्येतर पट चालते. मैत्रिणीच्या वहीत (2, 1) ऐवजी (−4, −2) असेल तर तीही बरोबरच आहे. संगणकावर `numpy.linalg.eig` वापरल्यास प्रत्येक व्हेक्टरची लांबी 1 करून मिळते. त्यामुळे (1, 1) च्या जागी 0.7071, 0.7071 दिसते आणि कधी कधी चिन्हेही उलटी असतात. शेवटच्या उत्तरावर याचा परिणाम होत नाही, कारण P मध्ये जी पट शिरते तीच P⁻¹ मध्ये भागली जाते.

तिसरी पायरी: P, D आणि P⁻¹

v₁ हा पहिला स्तंभ आणि v₂ हा दुसरा. D मध्येही त्याच क्रमाने आधी 2 आणि मग 3.

```
P = [ 1  2 ]    D = [ 2  0 ]    P⁻¹ = [ -1   2 ]
    [ 1  1 ]        [ 0  3 ]          [  1  -1 ]
```

P चा निश्चयक 1 − 2 = −1 आहे. व्यस्त मॅट्रिक्स काढण्यासाठी कर्णावरील संख्यांची अदलाबदल करायची, बाकी दोघींची चिन्हे बदलायची आणि सगळ्याला निश्चयकाने भागायचे. −1 ने भागल्यामुळे सर्व चिन्हे पुन्हा बदलतात आणि येथेच हात चुकतो.

आता गुणाकार करू. आधी PDⁿ करावा, कारण त्यात फक्त स्तंभ 2ⁿ आणि 3ⁿ ने गुणायचे असतात:

```
P Dⁿ = [ 2^n   2·3^n ]
       [ 2^n     3^n ]

A^n = [ -2^n + 2·3^n    2·2^n - 2·3^n ]
      [ -2^n +   3^n    2·2^n -   3^n ]
```

2¹⁰ = 1024 आणि 3¹⁰ = 59049 घातल्यावर

```
A^10 = [ 117074  -116050 ]
       [  58025   -57001 ]
```

वहीतली चूक

त्या विद्यार्थिनीचे उत्तर मात्र असे होते:

```
[ -57001   116050 ]
[ -58025   117074 ]
```

संख्या त्याच, फक्त जागा आणि चिन्हे वेगळी. तिने P मध्ये व्हेक्टर (1, 1) आणि (2, 1) या क्रमाने लिहिले होते, पण D मध्ये 3 आधी आणि 2 नंतर लिहिला होता. कारणही समजण्यासारखे होते. वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना धन चिन्हाचे मूळ आधी येते, म्हणून तिने D मध्ये 3 वर लिहिला. व्हेक्टर काढताना मात्र लहान संख्येपासून सुरुवात केली.

ट्रेस जुळला याचे कारण असे की ट्रेस म्हणजे आयगेनव्हॅल्यूंची बेरीज, आणि बेरजेला क्रमाशी देणेघेणे नसते. 117074 − 57001 आणि −57001 + 117074 दोन्ही 60073 आहेत, आणि 1024 + 59049 सुद्धा 60073 आहे. निश्चयकही याच कारणाने जुळतो. एवढेच नव्हे, तर चुकलेल्या क्रमाच्या सूत्रात n = 0 ठेवले तर P·I·P⁻¹ म्हणजे एकक मॅट्रिक्सच येते. तीन तपासण्या पार पडूनही उत्तर चूक. n = 1 ठेवल्यावर मात्र चुकलेले सूत्र

```
[  1   2 ]
[ -1   4 ]
```

असे देते आणि ही A नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो की सूत्र मिळाल्यावर मोठा n घालण्याआधी n = 0 आणि n = 1 ठेवून पाहा. n = 0 ठेवल्यावर एकक मॅट्रिक्स आली नाही तर P⁻¹ मध्ये किंवा शेवटच्या गुणाकारात चूक आहे. n = 0 बरोबर येऊनही n = 1 ला A येत नसेल तर व्हेक्टर चुकले आहेत किंवा D चा क्रम. चूक कोणत्या पायरीवर शोधायची हेही त्यामुळे कळते आणि सगळे पान पुन्हा तपासावे लागत नाही.

या दोन तपासण्या केवळ अंदाजाच्या नाहीत. आयगेनव्हॅल्यू 2 आणि 3 बरोबर असतील, तर Aⁿ चे खरे सूत्र 2ⁿX + 3ⁿY या रूपाचेच असते, जेथे X आणि Y या n वर अवलंबून नसलेल्या मॅट्रिक्स आहेत. n = 0 ची अट X + Y = I आणि n = 1 ची अट 2X + 3Y = A. या दोन समीकरणांतून X आणि Y एकमेव ठरतात, म्हणून या दोन्ही ठिकाणी जुळलेले सूत्र प्रत्येक n साठी बरोबर असते. ही समीकरणे सोडवली तर Y = A − 2I आणि X = 3I − A, म्हणजे

```
A^n = 2^n (3I - A) + 3^n (A - 2I)
```

हे सूत्र व्हेक्टर न काढता, व्यस्त मॅट्रिक्स न काढता मिळाले. परीक्षेत "डायगोनलाइझ करून" असे शब्द असतील तर P आणि D दाखवावेच लागतात, परंतु उरलेल्या दोन मिनिटांत उत्तर पडताळायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. 3×3 मॅट्रिक्सच्या तीन आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर तीन अज्ञात मॅट्रिक्स असतात आणि n = 2 चीही तपासणी लागते.

संपूर्ण Aⁿ हवाच असतो असे नाही

पुष्कळदा प्रश्नात Aⁿ नव्हे, तर Aⁿ ने एका दिलेल्या व्हेक्टरवर केलेली क्रिया विचारलेली असते. अशा वेळी P⁻¹ काढणे हे जास्तीचे काम आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा वनाज ते रामवाडी या मार्गाच्या आसपास राहणारे काही ठरावीक प्रवासी मेट्रो किंवा पीएमपीची बस यांपैकी एकाने रोज जातात. दर महिन्याला मेट्रोवाल्यांपैकी 10 टक्के बसकडे वळतात आणि बसवाल्यांपैकी 20 टक्के मेट्रोकडे. हे आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. व्हेक्टरमध्ये वर मेट्रोचा वाटा आणि खाली बसचा वाटा लिहिला, तर एका महिन्याची मॅट्रिक्स अशी:

```
M = [ 0.9  0.2 ]
    [ 0.1  0.8 ]
```

येथे प्रत्येक स्तंभाची बेरीज 1 आहे, कारण प्रवासी कोठेतरी जातातच. ओळींची बेरीज 1 यावी अशा रीतीने मॅट्रिक्स लिहिण्याचीही पद्धत आहे, पण तेव्हा व्हेक्टर आडवा लिहून डावीकडून गुणावा लागतो. दोन पद्धती एकाच पानावर मिसळल्या की उत्तर निरर्थक येते.

ट्रेस 1.7 आणि निश्चयक 0.72 − 0.02 = 0.70, म्हणून आयगेनव्हॅल्यू 1 आणि 0.7. स्तंभांची बेरीज 1 असेल तेव्हा 1 ही आयगेनव्हॅल्यू असतेच, त्यामुळे दुसरी ट्रेसमधून 1 वजा करून तोंडी मिळते. λ = 1 साठी व्हेक्टर (2, 1) आणि λ = 0.7 साठी (1, −1).

सुरुवातीला सगळे बसने जात असतील तर व्हेक्टर (0, 1). तो आयगेनव्हेक्टरांत मांडू:

```
(0, 1) = (1/3)(2, 1) - (2/3)(1, -1)
```

आता M ने n वेळा क्रिया केली की पहिला भाग जसाच्या तसा राहतो आणि दुसरा 0.7ⁿ ने गुणला जातो:

```
M^n (0, 1) = (1/3)(2, 1) - (2/3)(0.7)^n (1, -1)
```

वर्षभरानंतर n = 12. 0.7¹² साधारण 0.0138 आहे, म्हणून मेट्रोचा वाटा 0.6667 − 0.0092 = 0.6575 च्या जवळ. सुरुवातीला सगळे मेट्रोनेच जात असते तर हाच वाटा 0.6713 च्या आसपास आला असता. दोन टोकांच्या सुरुवाती वर्षभरात जवळजवळ एकाच जागी, दोन तृतीयांशांपाशी, येतात, आणि त्या किती वेगाने जवळ येतात हे 0.7 ही दुसरी आयगेनव्हॅल्यू ठरवते. M¹² चे चार आकडे नुसते गुणाकाराने काढले असते तर उत्तर मिळाले असते, पण हे दिसले नसते.

आयगेनव्हॅल्यू पुन्हा आली तर

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. "एखादी आयगेनव्हॅल्यू दोनदा आली की मॅट्रिक्स डायगोनलाइझ होत नाही" असे वाक्य अनेकांच्या वहीत असते आणि ते चूक आहे. सर्व आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असल्या तर मॅट्रिक्स नक्की डायगोनलाइझ होते, एवढेच खरे आहे. पुनरावृत्ती झाली तर निर्णय व्हेक्टर मोजून करावा लागतो.

```
C = [ 2  1  1 ]
    [ 1  2  1 ]
    [ 1  1  2 ]
```

C − I मध्ये सर्व नऊ संख्या 1 आहेत. त्यामुळे λ = 1 साठी तिन्ही ओळींतून x + y + z = 0 हे एकच समीकरण उरते. तीन अज्ञात आणि एक समीकरण असल्यामुळे दोन संख्या मनाप्रमाणे निवडता येतात, म्हणजे दोन स्वतंत्र व्हेक्टर मिळतात: (1, −1, 0) आणि (1, 0, −1). ट्रेस 6 आहे, म्हणून तिसरी आयगेनव्हॅल्यू 6 − 1 − 1 = 4 आणि तिचा व्हेक्टर (1, 1, 1). 1 दोनदा आली आणि तिचे व्हेक्टरही दोन मिळाले, म्हणून C डायगोनलाइझ होते. C सममित आहे, आणि वास्तव संख्यांची सममित मॅट्रिक्स नेहमीच डायगोनलाइझ होते, हे येथे आधीच ठाऊक असते.

P मध्ये (1, 1, 1) पहिला घेतला तर D चा कर्ण 4, 1, 1 असा लिहावा लागेल. गुणाकार केल्यावर Cⁿ मध्ये कर्णावर सर्वत्र (4ⁿ + 2)/3 आणि इतरत्र (4ⁿ − 1)/3 येते. n = 0 ला 1 आणि 0, n = 1 ला 2 आणि 1, म्हणजे दोन्ही तपासण्या जुळल्या. आयगेनव्हॅल्यू तीन वेळा मोजल्या तरी वेगळ्या दोनच आहेत, म्हणून येथे दोन तपासण्या पुरतात. C⁵ मध्ये 4⁵ = 1024 घालून 342 आणि 341 मिळतात. C मध्ये सर्व पूर्णांक असल्यामुळे घातातही पूर्णांकच यायला हवेत. 3 ने भाग पूर्ण गेला नसता तर तेथेच थांबून मागे जायचे.

डायगोनलाइझ न होणारी मॅट्रिक्स

आता या मॅट्रिक्सकडे पाहावे:

```
B = [  3  1 ]        B - 2I = N = [  1   1 ]
    [ -1  1 ]                     [ -1  -1 ]
```

ट्रेस 4, निश्चयक 4, म्हणून (λ − 2)² = 0 आणि λ = 2 दोनदा. N मधून फक्त x + y = 0 मिळते आणि व्हेक्टर एकच: (1, −1). दुसरा स्वतंत्र व्हेक्टर नाहीच. (2, −2) लिहून P भरण्याचा प्रयत्न विद्यार्थी करतात, पण तो त्याच रेषेवर आहे आणि P चा निश्चयक शून्य होतो. संमिश्र संख्या घेऊनही येथे मार्ग निघत नाही. आयगेनव्हॅल्यूच संमिश्र निघाल्या तर मात्र गोष्ट वेगळी असते. तेव्हा संमिश्र P आणि D घेऊन सगळी कृती जशीच्या तशी चालते आणि शेवटी काल्पनिक भाग आपोआप नाहीसे होतात.

B डायगोनलाइझ होत नाही, पण तिचा घात काढता येत नाही असे मात्र नाही. N चा वर्ग करून पाहिला तर शून्य मॅट्रिक्स येते. B = 2I + N, आणि I कोणत्याही मॅट्रिक्सशी क्रम बदलून गुणता येत असल्यामुळे द्विपद विस्तार चालतो. N² आणि पुढचे सर्व घात शून्य असल्याने फक्त पहिली दोन पदे उरतात:

```
B^n = 2^n I + n·2^(n-1) N
```

n = 10 साठी 1024 I + 5120 N, म्हणजे

```
B^10 = [  6144   5120 ]
       [ -5120  -4096 ]
```

ट्रेस 2048 आहे आणि तो 2·2¹⁰ शी जुळतो. या सूत्रात n स्वतः गुणक म्हणून आला आहे, आणि डायगोनलाइझ होणाऱ्या मॅट्रिक्सच्या सूत्रात असे पद कधीच येत नाही. म्हणून Aⁿ च्या उत्तरात मोकळा n दिसला, तर मॅट्रिक्स डायगोनलाइझ होत नसली पाहिजे किंवा कोठेतरी चूक झाली असली पाहिजे.

या दोन जगांमधली सीमा वहीत स्पष्ट असली तरी आकडेमोडीत तशी राहत नाही. हे पाहा:

```
E = [ 2    1   ]
    [ 0  2.001 ]
```

आयगेनव्हॅल्यू 2 आणि 2.001 वेगवेगळ्या आहेत, म्हणून E नियमाप्रमाणे डायगोनलाइझ होते. व्हेक्टर (1, 0) आणि (1, 0.001). हे दोघे जवळजवळ एकाच रेषेवर आहेत, त्यामुळे P चा निश्चयक 0.001 आणि P⁻¹ मध्ये 1000 सारख्या संख्या येतात. Eⁿ मधली वरची उजवी संख्या 1000·(2.001ⁿ − 2ⁿ) अशी निघते. n = 10 साठी 2.001¹⁰ = 1029.1315, म्हणून खरे उत्तर 5131.5 च्या आसपास आहे. कॅल्क्युलेटरवरून 1029 एवढेच वहीत उतरवले तर उत्तर 5000 येते. 0.1315 एवढी छोटी चूक एका फटक्यात हजारपट झाली.

अशा वेळी P आणि D चा मार्ग सोडून E², E⁴, E⁸ असे वर्ग करत जाणे अधिक सुरक्षित, कारण त्यात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी कोठेच येत नाही. संगणकावर ते एका ओळीत होते:

```python
import numpy as np
E = np.array([[2, 1], [0, 2.001]])
print(np.linalg.matrix_power(E, 10))
```

आणि 5131.5 ची तुलना B च्या सूत्रातल्या 5120 शी करून पाहावी. आयगेनव्हॅल्यूंमधले 0.001 चे अंतर शून्याकडे नेले, तर 1000·(2.001ⁿ − 2ⁿ) हे n·2ⁿ⁻¹ कडे जाते, कारण ते xⁿ चा x = 2 पाशी काढलेला विकलज आहे. B च्या सूत्रातला तो मोकळा n येथूनच येतो.